पेऱ्याआधीची शीर्षकं: वर्षाच्या आखणीची टिपणं

वर्षाचा तक्ता जानेवारीपासून मांडायचा नाही. आपला वाचक वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतला शेतकरी. त्याचं वर्ष सोयाबीनच्या पेऱ्यापासून सुरू होतं आणि पेऱ्याची काळजी एप्रिलमध्ये, घरात ठेवलेल्या पोत्यांकडे पाहताना. म्हणून वहीचं पहिलं पान एप्रिलचं.

*

महिन्याला दोन लेख, वर्षाला चोवीस. लिहिणारा एक आणि तपासणारा एक, एवढ्या माणसांत याहून जास्त नीट होत नाही. तक्त्यात महिन्याचा विषय, शीर्षक, मुख्य शोधशब्द आणि दोन-तीन जोडशब्द असे रकाने आहेतच. खरं काम शेवटच्या दोन रकान्यांचं आहे: ‘लोक कधी विचारतील’ आणि ‘आपण कधी छापायचं’. या दोन तारखांत निदान सहा आठवडे हवेत. नवा लेख गुगलला सापडायला आणि योग्य जागी स्थिरावायला वेळ लागतो, छोट्या प्रकाशकाच्या लेखाला तर जास्तच. पेरणीचा लेख जूनमध्येच टाकला, तर तो वर येईपर्यंत शेतात डवरणी सुरू झालेली असते.

*

एक पान पूर्ण भरून पाहिलं.

विषय: घरचं बियाणं. मुख्य शोधशब्द: ‘सोयाबीन उगवण क्षमता तपासणी’. शीर्षक: ‘सोयाबीन उगवण क्षमता तपासणी: घरच्या बियाण्याची गोणपाटावर परीक्षा’. जोडशब्द: ‘घरचे सोयाबीन बियाणे’, ‘एकरी सोयाबीन बियाणे किती’. विचारणा मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणून छपाई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

शोधशब्द शीर्षकात बसवणं सोपं आहे. लेखाने त्या शोधामागचा प्रश्न तडीस नेला की नाही, हे पाहायचं. पोत्यातून सरसकट शंभर दाणे घ्या, निवडून नव्हे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट ठेवून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी ३० किलोचं नेहमीचं प्रमाण पुरे. त्याखाली साठपर्यंत प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे पासष्ट कोंब आले तर साडेबत्तीस किलो. साठच्याही खाली गेलं तर ते बियाणं पेऱ्यासाठी धरू नका. इथे दुसरा जोडशब्द आपोआप येतो, कारण उगवण कळल्यावर शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न ‘एकरी किती’ हाच असतो. जोडशब्द असे प्रश्नाच्या ओघात यावेत. लेखाच्या तळाशी ओतलेले शब्द वाचकाच्या आणि शोधयंत्राच्याही लगेच लक्षात येतात.

*

मेचा लेख बीजप्रक्रियेचा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू संवर्धक शेवटी, आणि नंतर सावलीत सुकवणं. या लेखात उगवण क्षमतेचा उल्लेख एका वाक्यात करायचा आणि एप्रिलच्या लेखाचा दुवा द्यायचा. तोच भाग पुन्हा लिहायचा नाही.

एक शोधशब्द एकाच शीर्षकाला. हा नियम मोडला की आपलेच दोन लेख एकमेकांच्या वाटेत उभे राहतात. ते सर्च कन्सोलमध्ये दिसतं. शोधवाक्य निवडायचं आणि त्याखाली पानांची यादी उघडायची. एकाच वाक्याला आपली दोन पानं आलटून पालटून दिसत असतील आणि दोन्हींचा क्रमांक वरखाली हेलकावत असेल, तर दुखणं हेच. उपाय तिसरा लेख नव्हे. कमजोर लेखातला कामाचा भाग जोरकस लेखात हलवायचा आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला तिकडे वळवायचं.

*

‘सोयाबीन भाव’ तक्त्यात नको. शोध प्रचंड, पण उत्तर रोज बदलतं, आणि ते रोज देणारी मोठी दैनिकं व बाजारभावाची अ‍ॅप वर बसलेली आहेत. `soyabean bhav today` असं रोमनमध्ये टाइप करणाऱ्याला आकडा हवा असतो, लेख नव्हे. त्याच माणसाला आठवड्याभराने पडणारा प्रश्न आपला: ‘सोयाबीन ओलावा किती असावा’, ‘हमीभाव खरेदी नोंदणी कागदपत्रे’. शोध कमी, पण ते करणाऱ्यांना थांबून वाचायचं असतं.

*

कीवर्ड प्लॅनर जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला ‘शंभर ते एक हजार’ असे सैल पट्टे दाखवतो. त्यावरून दोन शब्दांत निवड होत नाही. गुगल ट्रेंड्समध्ये जिल्ह्यापुरतं पाहिलं तर बऱ्याच शब्दांना पुरेसा विदाच नसतो. म्हणून महाराष्ट्र धरायचा, पाच वर्षं घ्यायची आणि आकड्याऐवजी चढ कोणत्या आठवड्यात सुरू होतो तेवढंच टिपायचं. ती तारीख वहीच्या शेवटून दुसऱ्या रकान्यात.

बाकी शब्द बाजार समितीच्या आवारात आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर मिळतात. माणसं ‘चक्रीभुंगा’ विचारतात, कुणी ‘चक्रभुंगा’ म्हणतात. पुस्तकात ‘काढणी’, बोलण्यात ‘सोंगणी’. शीर्षकात एक, पहिल्या परिच्छेदात दुसरा. दोघांसाठी दोन लेख केले तर वरचंच दुखणं.

*

सणांची पानं तारखेवर बसवू नयेत. पोहरादेवीची यात्रा रामनवमीची. ती २०२५ मध्ये ६ एप्रिलला आली, २०२६ मध्ये मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळे २०२७ मध्ये पुन्हा एप्रिलच्या मध्यावर जाते. गेल्या वर्षीचा तक्ता उतरवून घेतला, तर कधी सहा आठवड्यांची आघाडी चारवर येते, कधी लेख फार आधी पडतो. या ओळीला तक्त्यात तिथी लिहायची आणि छपाईची तारीख पंचांग पाहून मागे मोजायची. मुख्य शोधशब्द ‘पोहरादेवी यात्रा’. भाविक मुक्काम, रस्ता आणि दर्शनाची वेळ शोधतात. इतिहास त्याखाली द्यावा.

*

हमीभावाचा लेख दरवर्षी नवा लिहायचा नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५,३२८. लेखाच्या पत्त्यात वर्ष घातलं तर पुढच्या वर्षी तो शिळा दिसतो आणि जमलेली पत नव्या पत्त्यावर शून्यापासून उभी करावी लागते. वर्ष फक्त शीर्षकात, पत्ता तोच. शिवाय नियमही मधेच बदलतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली. बारा लिहिलेला लेख तेव्हा तसाच ठेवला असता, तर तेरा टक्के ओलाव्याचा माल घेऊन निघालेला माणूस आपल्यामुळे वाटेतून परत फिरला असता. सप्टेंबर ते डिसेंबर दर पंधरा दिवसांनी हा लेख तपासायचा. तक्त्यात त्याला ‘देखभाल’ म्हणून वेगळी खूण.

*

जुलैत एकच लेख ठरवलेला, दुसरी ओळ कोरी. पण ‘दुबार पेरणी’चा लेख जूनमध्येच लिहून, तपासून ठेवायचा: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरा का नको, मोड झाल्यावर किती दिवस सोयाबीन चालतं, त्यानंतर कोणतं पीक. याला सहा आठवड्यांचा नियम लागू नाही. पावसाने ताण दिला की त्याच दिवशी छापायचा, एप्रिल-मेच्या दोन्ही लेखांतून दुवा द्यायचा. ताण पडलाच नाही, तर मजकूर पुढच्या जूनपर्यंत राखून ठेवायचा आणि कोऱ्या ओळीत खोडमाशी.