तंबाखूचे बोद आणि समोरच्या अक्का

६ एप्रिलला निपाणीत जुन्या माणसांना १९८१ आठवतंच. शरद जोशींच्या मागे तंबाखू शेतकरी हायवेवर बसले होते, त्या जागेला आंदोलननगर नाव पडलं होतं. शेवटी गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. २०२४ साली त्या दिवशी मी त्याच्यावर एक पोस्ट लिहिली. सोबत वखारीतल्या बोदांच्या थप्पीचा आणि वडिलांच्या जुन्या भावपट्टीचा फोटो टाकला. शेवटी लिहिलं, 'कोणाकडे असं काही असेल तर फोन करा', आणि माझा नंबर दिला.

तिसऱ्या दिवशी बेळगावहून बहिणीचा फोन आला. "ताई, पोस्ट काढलीस का? 'हा मजकूर सध्या उपलब्ध नाही' असं येतंय." मी बघितलं तर माझ्या मोबाइलवर पोस्ट जागच्या जागी! लाईकसुद्धा दिसत होते. आधी वाटलं, हिचंच नेट गेलं असेल.

मग डोक्यात आलं ते आपल्या भागात कोणाच्याही डोक्यात आलं असतं. मराठीत लिहिलंय, निपाणीचं लिहिलंय, कोणीतरी रिपोर्ट केलं. आणि खोटं कशाला सांगू, संशय समोरच्या अक्कांवर गेला. त्या कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या. पोस्टखाली त्यांनी लिहिलं होतं, 'हे सगळं आता कशाला उकरायचं?' आठवडाभर मी त्यांच्याकडे बघून हसले नाही.

पुण्यातला भाचा शहाणा. तो म्हणाला, "मावशी, आधी पोस्ट कुठं कुठं दिसत नाही ते बघ." पोस्टची लिंक त्याने अकाउंटमधून बाहेर पडून उघडली, दिसली नाही. मस्कतला असलेल्या मित्राला पाठवली, तिथंही नाही. इथल्या कायद्याखाली किंवा सरकारी हुकमावरून झाकलेली पोस्ट बहुतेक वेळा फक्त भारतात दिसत नाही, बाहेरच्या देशात दिसते. ही कुठेच दिसेना, म्हणजे बहुधा कंपनीनं स्वतःच्या नियमाखाली काढलेली. आणि तसं असेल तर कारण कुठेतरी लिहिलेलं असतं.

ते सापडायला दोन दिवस गेले. घंटीच्या खुणेखालच्या सूचनांत काही नव्हतं. सेटिंग्जमध्ये खूप खाली 'अकाउंटची स्थिती' असं पान होतं, त्यात माझी पोस्ट आणि पुढे कारण. ईमेलही आला होता, पण तो लेकाच्या जुन्या पत्त्यावर. अकाउंट त्यानेच उघडून दिलं होतं ना! कारण वाचून मी खुर्चीत बसले. निर्बंध असलेल्या वस्तूंची विक्री : तंबाखू.

सीमाप्रश्न नाही, भाषा नाही, गोळीबारही नाही. बोदांचा फोटो, भाव लिहिलेली पट्टी आणि खाली 'फोन करा' म्हणून नंबर. परक्या माणसाला ती जाहिरातच वाटणार! भाचा म्हणाला, रिपोर्ट करणारा कारण म्हणून काहीही निवडो, पोस्ट कोणत्या नियमात बसते ते तपासणारा ठरवतो. आणि रिपोर्ट कोणी केलं ते कधीच सांगत नाहीत.

पण गंमत अशी, की हे वाचण्याआधीच रागाच्या भरात मी 'निर्णय मान्य नाही' हे बटण दाबून बसले होते. त्यात मराठीवरचा अन्याय, १९५६ ची राज्यपुनर्रचना, सगळं लिहिलं. उत्तर आलं, निर्णय कायम. साहजिकच. विचारलं एक आणि मी सांगितलं भलतंच.

मग कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमावाच लागतो. तेव्हाच्या नियमात २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल, असं होतं. त्याच्या उत्तरानंही समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं. या वेळी चारच वाक्यं लिहिली. पोस्ट १९८१ च्या आंदोलनाची आहे. पट्टीवरचा भाव त्या काळचा आहे. विकायला काही नाही. नंबर जुने फोटो मागण्यासाठी दिला होता. सोबत पोस्टची लिंक आणि कारण दिसतं त्या पानाचा स्क्रीनशॉट.

अकराव्या दिवशी पोस्ट परत आली. बहिणीला उघडायला लावली, मस्कतलाही विचारलं, मगच खरं मानलं. नंबर मात्र मी काढून टाकला.

त्या संध्याकाळी चिवड्याचा डबा घेऊन अक्कांकडे गेले आणि जे मनात आलं होतं ते सांगून टाकलं. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "माझी आई वखारीत कामाला होती. खकाण्यानं खोकून खोकून रात्र रात्र झोपायची नाही. म्हणून म्हटलं, कशाला उकरायचं." आत जाऊन त्यांनी एक फोटो आणला. वखारीच्या दारात बायकांची रांग, तोंडाला पदर बांधलेला, तिसरी त्यांची आई.

तो फोटो अजून टाकलेला नाही. अक्का हो म्हणाल्या, की टाकीन.