निधनवार्तेतील नाती आणि नातीगोती

तिगाव हे नागपूर–इटारसी लोहमार्गावरील गाव. पांढुर्णा जिल्ह्यातील या गावाचे सोयरसंबंध वरूड, नरखेड, काटोल आणि नागपूरपर्यंत पसरलेले आहेत. १९५६पूर्वी हा सारा मुलूख एकाच प्रांतात होता आणि नागपूर त्याची राजधानी होती. त्यामुळे आमच्याकडे कोणी गेले की निधनाची वार्ता मराठी वृत्तपत्रात द्यावी लागते. अर्धे आप्त पलीकडे राहतात आणि ते मराठी वृत्तपत्र वाचतात. मात्र ही वार्ता तयार होते ती बहुधा टंकलेखनाच्या दुकानात, तेथे ठेवलेल्या हिंदी नमुन्यावरून. नमुन्यातील शब्द एकामागून एक मराठीत फिरवले जातात. लिपी एक असल्याने काही बिघडले आहे असे कोणाला वाटत नाही. परंतु या दोन भाषांतील नात्यांचे शब्द वरून सारखे आणि आतून वेगळे आहेत. शुद्धलेखनाची चूक वाचक समजून घेतो. नात्याची चूक झाली तर जिवंत माणूस मृत ठरतो किंवा जवळचा माणूस परका होतो.

२०२५च्या फेब्रुवारीत तिगावातील एका कुटुंबाने असाच एक मसुदा माझ्याकडे आणला. घरातील बहात्तर वर्षांच्या आजी १६ तारखेला सकाळी गेल्या होत्या. मसुदा २३ तारखेच्या संध्याकाळी माझ्या हाती आला आणि तो त्याच रात्री नागपूरला पाठवायचा होता. नावे गाळून तो येथे देतो.

“आमच्या पूज्य माताजी श्रीमती ……, धर्मपत्नी श्री ……, निवासी तिगाव, यांचा दि. १६ ला आकस्मिक स्वर्गवास झाला. त्या आपल्या मागे दोन मुलगे, दोन सुना, मुलगी, जावई, पुतणे आणि नाती-पोत्यांसह भरापुरा परिवार सोडून गेल्या. दशक्रिया परवा नदीघाटावर व तेरवी दि. १ मार्चला निज निवासी संपन्न होईल. कृपया वेळेवर पधारावे.”

पहिली अडचण ‘श्रीमती’ या शब्दाची. हिंदीत कोणत्याही विवाहित स्त्रीच्या नावामागे ‘श्रीमती’ लागते. तिचा पती हयात आहे की नाही, हे पतीच्या नावामागील ‘श्री’ किंवा ‘स्व.’ यावरून कळते. मराठीत ही खूण स्त्रीच्याच नावामागे असते. पती हयात असेल तर ‘सौ.’ आणि नसेल तर ‘श्रीमती’, हा आपल्याकडचा रूढ संकेत आहे. ही खूण स्त्रीच्याच माथी का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. पण वाचक आज वार्ता वाचतो ती याच संकेताने. ‘श्रीमती’ वाचताच पलीकडच्या सोयऱ्याने आजोबाही पूर्वीच गेले असे धरले असते, कारण मागे राहिलेल्यांच्या यादीतही पतीचा उल्लेख नव्हता. आजोबा तर ओसरीवर बसले होते. म्हणून ‘कै. सौ.’ असे लिहिले आणि परिवाराच्या यादीचा आरंभ ‘पती’ या शब्दाने केला. ज्या घराला ‘सौ.’ नको असेल त्याने नुसते नाव लिहावे, परंतु यादीतील ‘पती’ गाळू नये. मग शंकेला जागा उरत नाही.

दुसरी अडचण ‘पुतणे’ या शब्दाची. वृत्तपत्र वाचून धावत येणार होते ते वरूडकडील दोघे, आजींच्या सख्ख्या भावाचे मुलगे. हिंदी नमुन्यात ते ‘भतीजे’ होते आणि त्यांचे मराठीत ‘पुतणे’ झाले. हिंदीत भावाचा मुलगा तो भतीजा, मग बोलणारा पुरुष असो वा स्त्री. मराठीत येथे फरक पडतो. पुरुषाच्या भावाचा मुलगा त्याचा पुतण्या असतो. स्त्रीच्या भावाचा मुलगा मात्र तिचा भाचा, आणि ती त्याची आत्या. स्त्रीचा पुतण्या म्हणजे तिच्या दिराचा मुलगा. म्हणजे मसुद्यातील एका शब्दाने माहेरची माणसे सासरची झाली होती, आणि माहेरचे कोणी उरलेच नाही असा अर्थ निघत होता. आमच्या भागात मृत स्त्रीच्या माहेरचा उल्लेख नसणे ही लहान गोष्ट मानली जात नाही. यासाठी एक कसोटी मी नेहमी लावतो: तो मुलगा गेलेल्या स्त्रीला काय म्हणत असे, हे विचारावे. ‘आत्या’ किंवा ‘मावशी’ म्हणत असेल तर तो भाचा. ‘काकू’ म्हणत असेल तर पुतण्या. घरातील लहान मुलालाही याचे उत्तर देता येते, आणि ते नमुन्यातील शब्दापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

‘नाती-पोते’ हा तर हिंदी शोकवार्तेतील ठरलेला जोडशब्द. हिंदीत ‘नाती’ म्हणजे मुलीचा मुलगा आणि ‘पोता’ म्हणजे मुलाचा मुलगा. मराठीत ‘नाती’ म्हणजे अनेक नातजावा नव्हेत, तर अनेक नात. किंवा मग नुसतेच नातेसंबंध. आणि ‘पोते’ म्हणजे काय, हे तुरीच्या हंगामात तिगावात कोणाला सांगायला नको. मराठी या ठिकाणी हिंदीपेक्षा सोपी आहे: मुलाचे असो वा मुलीचे, अपत्य ते नातू किंवा नात, आणि सर्वांना मिळून ‘नातवंडे’. ‘चार नातवंडे’ एवढे दोन शब्द पुरले. ‘भरापुरा परिवार सोडून गेल्या’ याऐवजी ‘असा परिवार आहे’ पुरेसे झाले.

तिसरी गोष्ट भाषेची कमी आणि घराच्या दुःखाची अधिक होती. मसुद्यात दोन मुलगे होते. थोरला मुलगा काही वर्षांपूर्वीच वारला होता. ‘पश्चात’ या शब्दाचा अर्थ मागे राहिलेले, म्हणून त्या यादीत केवळ हयात माणसेच येतात. एक मुलगा आणि दोन सुना, हा खरा हिशेब. धाकट्या मुलाला तो पटला, पण ‘भाऊ मग कुठेच दिसणार नाही’ हे त्याला सोसेना. थोरली सूनबाई दारात उभी होती, ती काही बोलली नाही. तोडगा वाक्याच्या रचनेतच होता. मृत व्यक्तीची ओळख सांगताना दिवंगत नातेवाइकाचे नाव घेता येते, ‘कै. अमुक यांच्या मातोश्री’ असे पहिल्याच वाक्यात लिहिले की थोरला मुलगा आपल्या जागी येतो आणि खालची यादीही खरी राहते. सुनेचे नाते तर पतीच्या मृत्यूने संपत नाही, म्हणून ‘दोन सुना’ हे शब्द तसेच ठेवले.

यानंतर विधीचे दिवस. मृत्यूचा दिवस हाच पहिला दिवस मोजायचा असतो. त्यामुळे दहावा दिवस काढताना तारखेत नऊ मिळवायचे, तेरावा काढताना बारा. दुकानदाराने सोळात तेरा मिळवले आणि अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीतून १ मार्च काढला. खरी तेरवी २८ फेब्रुवारीला, शुक्रवारी येत होती. एका दिवसाची चूक म्हणजे नागपूरहून आलेल्या पाहुण्याला आवरलेला मांडव दिसणे. मृत्यू मध्यरात्रीनंतर पण सूर्योदयापूर्वी झाला असेल तर पहिला दिवस कोणता, हे मात्र आपण ठरवू नये. परंपरेने दिवस सूर्योदयापासून धरतात, तेव्हा घरच्या गुरुजींना विचारूनच तारीख लिहावी.

‘परवा’ हा शब्दही तसाच घातक. मसुदा २३ला लिहिला, तेव्हा परवा म्हणजे २५. वार्ता छापून आली २४ला, तेव्हा वाचकाचा परवा २६, आणि त्या दिवशी महाशिवरात्र. निधनवार्तेत ‘आज’, ‘उद्या’, ‘परवा’ कधीच नसावेत. वार आणि तारीख दोन्ही लिहावीत. एक चुकले तर दुसऱ्याशी जुळत नाही आणि चूक छापण्यापूर्वी पकडता येते. ‘नदीघाट’ कोणता, हेही लिहायला हवे. गावाच्या नावापुढे जिल्हा आणि राज्य हवे, कारण तिगाव नावाचे गाव महाराष्ट्रातही आहे. शिवाय २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तरी जुन्या नमुन्यांत छिंदवाडाच छापलेले असते.

आजोबांची इच्छा तिथीही छापावी अशी होती, म्हणजे पुढच्या वर्षी श्राद्धाला कोणाला विचारावे लागणार नाही. घरात जबलपूरचे हिंदी कॅलेंडर होते आणि त्यात १६ फेब्रुवारीला ‘फाल्गुन कृष्ण ४’ असे होते. नागपूरच्या दिनदर्शिकेत त्याच दिवशी ‘माघ वद्य ४’. दोन्ही बरोबर आहेत. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे शुक्ल पक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच राहते आणि वद्य पक्षात हिंदी पंचांग एका महिन्याने पुढे असते. ‘फाल्गुन’ छापले असते तर पलीकडच्या आप्तांनी २०२६मध्ये वर्षश्राद्ध ५ फेब्रुवारीऐवजी ७ मार्चला धरले असते. मराठी वार्तेत ‘वद्य’ लिहायचे असेल तर महिनाही मराठी पंचांगाचाच घ्यायला हवा.

शेवटी वार्ता अशी गेली:

“कै. सौ. …… (वय ७२), रा. तिगाव, जि. पांढुर्णा, मध्य प्रदेश, श्री. …… यांच्या पत्नी व कै. …… यांच्या मातोश्री, यांचे रविवार, दि. १६ फेब्रुवारी २०२५ (माघ वद्य ४) रोजी निधन झाले. त्यांच्या पश्चात पती, एक मुलगा, दोन सुना, मुलगी, जावई, चार नातवंडे, भाऊ व भाचे असा परिवार आहे. दशक्रिया : मंगळवार, दि. २५ फेब्रुवारी, सकाळी ९ वा., जाम नदीघाट, पांढुर्णा. तेरवी : शुक्रवार, दि. २८ फेब्रुवारी, दुपारी १२ वा., राहते घर, तिगाव.”

‘पूज्य’, ‘आकस्मिक’, ‘संपन्न’, ‘पधारावे’ हे सारे गळाले. वार्तेचा दर शब्दांवर किंवा जागेवर ठरतो, त्यामुळे ज्या शब्दाने वाचकाला काही कळत नाही त्याचे पैसे उगाच जातात. वाचलेल्या जागेत वय, वार, वेळ आणि ठिकाण बसले. पाठवण्यापूर्वी ती मोठ्याने वाचली, कारण कानाला नात्याची चूक डोळ्यापेक्षा आधी कळते. ‘भाऊ व भाचे’ हे शब्द आले तेव्हा आजोबांनी मान हलवली. मग धाकट्याने मोबाईलवरून ती नागपूरला धाडली.