शिळेचा शोध

ती. ताईस,


मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, की नाना शिळेवर घालायचे त्या चालीचं वेड माझ्या डोक्यातून गेलं का. गेलं. पण सापडल्यामुळे गेलं, म्हणून हे लांबलचक पत्र.

सगळ्यांची मतं तुला ठाऊकच आहेत. आत्या म्हणायची ते नाट्यपद आहे. सांगलीत जन्मलेल्या माणसाला प्रत्येक चाल नाटकातलीच वाटते, त्याला इलाज नाही. काका म्हणाले, जुन्या हिंदी सिनेमातलं असेल. बाबांनी तर नानांनी ती स्वतःच रचली असं जाहीर करून टाकलं, म्हणजे शोधच नको. आजीला विचारायची सोय नव्हती. ती असताना घरात शीळ घालायला बंदी होती, त्यामुळे तिने ती धड कधी ऐकलीच नसावी. नाना वाड्याचा दिंडी दरवाजा ओढून घेत आणि गल्लीच्या तोंडाशी सुरू करत. ती थेट आयर्विन पुलापर्यंत.

मी आधी काय केलं, तर तुम्हा सगळ्यांकडून ती गुणगुणून घेतली. आठवतं ना, तुला फोनवर तीनदा म्हणायला लावली होती? चौघांच्या चार चाली निघाल्या. काकांच्या चालीत तर मध्येच एक मुरकी आली, आणि शिळेत मुरकी घेणारे नाना मला तरी आठवत नाहीत. म्हणून चारही कागदावर एकाखाली एक मांडल्या आणि जेवढं चौघांत सारखं होतं तेवढंच धरलं. मोजून नऊ स्वर उरले: सा रे सा ग ग, रे ग रे म. सगळे शुद्ध. पट्टी प्रत्येकाची वेगळी होती, पण त्याने बिघडत नाही. वर गेला, खाली आला, वर गेला, तिथेच राहिला, एवढं जुळलं की पुरे. पाश्चात्य संगीतात अशा नुसत्या चढउतारांवरून चाल शोधायचा एक कोशच आहे, डेनिस पार्सन्स नावाच्या गृहस्थाने १९७५ साली काढलेला. स्वर ओळखता आले नाहीत तरी चालतं, वर की खाली एवढंच कळायला हवं. ते पुस्तक मला मिळालं नाही, पण युक्ती उचलली.

त्या नऊ स्वरांनीच मला फसवलं. मिरजेच्या पेटीमास्तरांना कागद दाखवला, तर ते हसले. म्हणाले, अहो, हा पहिल्या महिन्यातला पलटा आहे, एक तुकडा घ्यायचा आणि तोच एक स्वर वर सरकवायचा. तुमचे आजोबा लहानपणी पेटी शिकले असतील. त्यांनी तो सहा मात्रांत वाजवला आणि दादऱ्यात चपखल बसला. आता दादरा म्हणजे पुन्हा आत्याचं नाट्यपद! मग मी नाटकांची जुनी पदांची पुस्तकं चाळत बसलो. त्यांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले असतात, त्यामुळे उसनी चाल कुठून आली याचा माग निघतो. माझ्या उपयोगाचं काही निघालं नाही. निघणारही नव्हतं. पण दोन रविवार फार मजेत गेले.

सापडली ती रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे. मी गेलो होतो वेगळ्याच कामाला. सेट खोलून ते आत बघत होते आणि मी नेहमीच्या सवयीने शीळ घालत होतो. मान वर न करता ते म्हणाले, “साडेपाच वाजले.” दुपारचे बारा वाजले होते. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरने टेबलावर ठोकलं: टुक, टुक, टुक, टुक, टुक, टूऽऽक.

ताई, माझ्या अंगावर काटा आला. कारण पुलावर पोचल्यावर नाना कठड्यावर काठी आपटायचे हे तूच सांगितलं होतंस. पाच वेळा नुसती टोकाने, आणि सहाव्यांदा घासून. आपण त्याला म्हातारपणाची लकब म्हणत होतो.

ती बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसची सुरुवातीची धून. तासाच्या आधी ‘धिस इज लंडन’ असं म्हणत, ही धून वाजे, मग ग्रिनिचच्या वेळेचे सहा ठोके पडत आणि बातम्या लागत. सहावा ठोका लांबट असे, तोही १९७२ पासून. त्याआधी सहाही सारखेच होते. म्हणजे नानांची ती घासलेली काठी त्यानंतरची. ग्रिनिचच्या मध्यरात्री आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. नऊ मिनिटांच्या बातम्या ऐकून पावणेसहाला नाना घराबाहेर. आपल्या वेळेतला तो अर्धा तास नसता, तर हे गणित इतकं नेमकं जुळलं नसतं.

घरी येऊन त्या धुनेचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकलं. नऊच्या नऊ स्वर जुळले, पण एक गोष्ट उलटी होती. नानांची सुरुवात म्हणजे मूळ धुनेचा उत्तरार्ध, आणि ते नऊ स्वर, जे मूळ धुनेत अगदी पहिले आहेत, ते नाना नंतर घ्यायचे. याचं कारण त्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, व्हॉल्व्हचा सेट तापायला अर्धा मिनिट लागतो, तोवर अर्धी धून होऊन जाते. खरं असेल. मला सोयीचं आहे म्हणून जास्तच पटतंय, हेही कबूल करतो.

धुनेचं नाव ‘लिलीबुलेरो’. तीनशे वर्षांपेक्षा जुनी. १६८८ च्या सुमारास इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्स राजाच्या माणसांची टिंगल करणारं गाणं या चालीवर गाजलं, आणि राजा १६८८ च्याच डिसेंबरात देश सोडून पळाला. गाणं लिहिणाऱ्या व्हार्टनने पुढे फुशारकी मारली, की या गाण्याने मी एका राजाला तीन राज्यांतून हाकललं. पण मला त्याहून आवडला तो लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रॅम शॅन्डी’ कादंबरीतला टोबीकाका. वादात बोलण्यासारखं काही उरलं नाही की तो ही चाल शिळेवर वाजवतो. आजीशी वाद झाला की नाना चपला घालून कुठे जायचे, आठवतंय?

आता राहिला एक प्रश्न, की घरात कुणालाच कसं माहीत नाही. नाना सरकारी नोकरीत होते. २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आला, तेव्हा देशातली खबर परदेशी केंद्रावरून ऐकणारे घरोघरी होते. बीबीसीच्या मार्क टलींना तर भारत सोडावा लागला होता. ते ऐकणं हा गुन्हा नव्हता, पण सरकारी माणसाने ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं लावू नये, एवढी भीती पुरेशी होती. बाबा म्हणतात, त्या दिवसांत पहाटे माजघरात नाना रेडिओच्या जाळीला कान लावून बसलेले दिसायचे. बाबांना वाटे सेट बिघडलाय. आवाज इतका बारीक, की खोलीत झोपलेल्यालाही धून कळू नये. आणि तीच धून बाहेर पडल्यावर अख्ख्या गल्लीत! ती ओळखणारं कुणी भेटलं असतं तर नाना काय करणार होते, कोण जाणे.

यातला बराचसा भाग माझा तर्क आहे. लष्करी बँडही ही चाल वाजवतात, तिथून ती नानांच्या कानावर पडलीच नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. फक्त ती काठी मला सोडत नाही.

नानांचा तो मर्फी रेडिओ तुझ्याकडे माळ्यावर आहे. सुरू होणार नाही, करूही नकोस, वायरी कुजल्या असतील. नुसता खाली काढ आणि डायलची काच ओल्या फडक्याने हलकेच पूस. शॉर्टवेव्हच्या पट्टीवर, ३१ किंवा ४९ मीटरच्या आसपास, पेन्सिलीची एखादी खूण दिसते का बघ. नाना पुस्तकातसुद्धा खूण करायचे ती पेन्सिलीनेच. जोरात पुसू नकोस.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा भाऊ