चौथ्या मिनिटाचा मोबाइल

चि. सोनू,

तुझी २६ आठवड्यांची रजा संपत आली आणि बाळाला सांभाळायला सासूबाई साताऱ्याहून येताहेत, हे ऐकून जीव भांड्यात पडला. आमच्या शेजारच्या घराची हकिकत मुद्दाम कळवते आहे.

त्या घरातलं जोडपं साडेआठला बाहेर पडतं, ते सातला परततं. तीन वर्षांचा नातू दिवसभर आजी-आजोबांजवळ असतो. मटार सोलताना आजी एकेक दाणा त्याच्या हातावर ठेवते आणि तो मोजतो. आजोबांबरोबर भाजी आणायला जातो, भाजीवालीला ‘मावशी’ म्हणून हाक मारतो. ताप आला तरी त्याच्या आईला ऐनवेळी रजा टाकावी लागत नाही. हे सुख पैसे मोजून मिळत नाही.

तरी त्या घरात भांडण झालंच, जेवताना मोबाइल द्यायचा की नाही यावरून. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. आई-बाबांनी जेवणाच्या वेळी मोबाइल पूर्ण बंद केला. रात्री ते ठाम राहायचे आणि पोरगं थोडं रडून जेवायचं. दुपारी मात्र आजी तीन-चार मिनिटं धीर धरायची आणि रडं टिपेला पोचलं की मोबाइल पुढे करायची.

खरी गोम इथेच आहे. हट्टाकडे दुर्लक्ष केलं की तो आधी वाढतो, मग ओसरतो. नेमका वाढलेला असताना पुरवला, तर ‘आणखी जोरात रडलं की मिळतं’ एवढंच मूल शिकतं. त्यापेक्षा ताट वाढतानाच मोबाइल दिलेला कमी वाईट!

सून चिडली, आजी दुखावली. पण आजीचं म्हणणं खोटं नव्हतं. दुपारी भरवायला ती एकटीच असते, गुडघे दुखतात, पोर उपाशी राहिलं तर बोल तिलाच लागणार. मग सुनेने विचारलं, मुळात एक वाजता पोराला भूक असते का? साडेअकराला दूध-बिस्किटं व्हायची. ती बंद झाली. ताटात चारच घास वरणभात वाढायचा आणि तो नको म्हणाला की ताट उचलायचं, असं ठरलं. ‘जेवला नाही तरी मी तुम्हाला काही म्हणणार नाही,’ हे सुनेने सासूला स्पष्ट सांगितलं. माझ्या मते सगळं त्या वाक्याने निभावलं. पहिले काही दिवस रडं वाढलं, नंतर पोरगं आपणहून ताटाशी बसू लागलं. संध्याकाळचा एखादा लाडू आजीकडेच राहिला, त्यावर कुणी वाद घातला नाही.

तुझं बाळ लहान आहे, तेव्हा हट्टाचे प्रश्न पुढे येतील. पण एक गोष्ट आत्ताच पाळायची: वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, त्यांच्या मुलाला सांगू दे. आणि रजा संपायच्या आधी आठवडाभर तरी त्यांना बोलावून घे, म्हणजे बाळाची झोप, भूक, रडं दोघींनी मिळून पाहता येईल.

तुझी,
मावशी