जोडीचा खडा

आमच्या इंदापूर भागात मुतखडा झाला की दोषी एकच, बोअरचं जड पाणी. मग पानफुटीची पानं चावायची, हुलग्याचं कढण प्यायचं. माझ्या धाकट्या भावाला चौदाव्या वर्षी पहिला खडा झाला, तेव्हा आईनं हेच केलं. खडा पडला, पण तीन वर्षांत दोनदा परत आला. पाणी सगळं घर पीत होतं, खडे मात्र त्यालाच.

तिसऱ्या खेपेला बारामतीच्या डॉक्टरांनी खडा फेकू दिला नाही, तपासायला पाठवला. सकाळची पहिली लघवी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी भावालाच बघायला लावलं. पोळ्यातल्या घरांसारखे सहा कोनांचे चपटे स्फटिक. "हे सिस्टीनचे. दुसऱ्या कुठल्या खड्यात असे दिसत नाहीत," ते म्हणाले. आजाराचं नाव सिस्टिन्युरिया.

मूत्रपिंडानं रक्तात परत घ्यायचं सिस्टीन याच्या लघवीत सांडत होतं, दिवसाला ९०० मिलिग्रॅम. एक लिटर लघवीत जेमतेम २५० विरघळतं. म्हणजे साडेतीन लिटरच्या वर लघवी व्हायला हवी, आणि उसाला दारं धरताना घामात जातं ते पाणी वेगळं. रात्री लघवी घट्ट होते, म्हणून झोपताना दोन तांबे प्यायचे, मध्यरात्री उठलं की पुन्हा एक. रात्रीच्या लायटीला मोटर चालू करायला उठणाऱ्याला हे जमून गेलं. जड गेलं ते मीठ कमी करणं, कारण मीठ वाढलं की सिस्टीनही जास्त सांडतं. लोणचं ताटातून गेलं, मटण क्वचित. पोटॅशियम सायट्रेट घेऊन लघवीचा सामू सात ते साडेसातपर्यंत आणायचा. तिथं सिस्टीन जास्त विरघळतं. पट्टी बुडवून रंग बघायचं काम आईकडे.

तरीही सोनोग्राफीत नवा खडा दिसला. मग पेनिसिलामिन सुरू झालं. सिस्टीन म्हणजे गंधकानं एकत्र जुंपलेली सिस्टेइनची जोडी. हे औषध जोडी फोडतं आणि एकाला स्वतःशी जुंपून घेतं. ती नवी जोडी सहज विरघळते. टायोप्रोनिनही तेच काम करतं. पण औषध फुकट सोडत नाही: अंगावर पुरळ, तोंडाची चव जाणं, रक्तपेशी कमी होणं, लघवीतून प्रथिनं जाणं. म्हणून ठरलेल्या तारखेला रक्त-लघवी तपासायला बारामतीची एसटी धरायचीच.

"आमच्यात तर कुणालाच नव्हता," आई म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं, "लग्न नात्यातलं?" अण्णांनी मामाचीच मुलगी केलेली. दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत, दोघंही ठणठणीत. दोन्ही प्रती एकत्र आल्या त्या धाकट्याकडे. प्रत्येक लेकराला ही शक्यता चारात एक. माझी आणि ताईची लघवी तपासली, आम्ही सुटलो.

यंदा भावासाठी मुली बघायला सुरुवात झाली. मामानं आपली लेक सुचवली. नात्यात आजवर असा नकार कुणी दिला नव्हता. आईनंच सांगितलं, "दादा, राग मानू नको. पोरगी गुणाची आहे, पण ही सोयरीक नको."