पावतीतल्या दोन रिकाम्या जागा

इंदूरला आम्ही ज्या घरात भाड्याने राहतो, त्याचे मालक मराठीच आहेत. त्यांना मी काका म्हणतो. भाडे महिना ९,५०० रुपये, रोख. डिसेंबरात ते लेकीकडे नागपूरला गेले होते, म्हणून ७ जानेवारीला डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन महिन्यांचे मिळून १९,००० रुपये मी त्यांच्या हातात दिले आणि देताना तसे सांगितलेही. संध्याकाळी फोनवर पावतीचा फोटो आला.

पावती दिसायला अगदी पक्की होती. छापील पुस्तकातली, वर माझे नाव, खाली तारीख, एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावर आडवी सही. पाच हजारांवरच्या रोख रकमेच्या पावतीला ते तिकीट लागतेच, आणि काका ते कधी विसरत नाहीत. फक्त ‘रुपये’ या शब्दापुढची आणि ‘माहे’ या शब्दापुढची जागा कोरी होती. म्हणजे मी काकांना काहीतरी दिले एवढे त्या कागदावरून कळत होते. किती दिले आणि कशाबद्दल दिले, हे कळत नव्हते. पैसे बँकेतून गेले असते तर निदान आकडा कुठेतरी उमटला असता. रोखीला पावतीशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

कोऱ्या आकड्याचा धोका कोणालाही समजतो. कोऱ्या महिन्याचा चटकन लक्षात येत नाही. सप्टेंबरात पाण्याची मोटर दुरुस्त झाली, तिच्यातला माझा वाटा काकांनी २,८०० रुपये सांगितला होता. बिल पाहून देतो असे मी म्हटले, आणि ते तसेच राहिले. आता १८७२ च्या भारतीय करार कायद्यात याविषयी सरळ नियम आहेत. एकाच माणसाची दोन-तीन देणी असतील, तर कोणत्या देण्यापोटी पैसे देतो आहोत हे देणाऱ्याने देतानाच सांगायचे. घेणाऱ्याने पैसे स्वीकारले की ते त्याच खात्यात धरावे लागतात. पण देणारा काही बोलला नाही आणि परिस्थितीवरूनही काही ठरत नसेल, तर खाते निवडण्याची मुभा घेणाऱ्याला मिळते. मोटरचे २,८०० आधी वळते केले, तर उरतात १६,२००. त्यातून डिसेंबर फिटतो आणि जानेवारीसाठी ६,७०० राहतात. एक पैसाही न बुडवता मी २,८०० रुपयांचा थकबाकीदार ठरतो, आणि थकबाकी हेच तर घर सोडायला सांगण्याचे नेहमीचे कारण. काका तसे करणार नाहीत. पण उद्या हिशेब त्यांच्या मुलाकडे गेला, तर त्याच्यासमोर काका नसतील, पावती असेल.

तोंडी सांगावे तर ‘विश्वास नाही का?’ हा प्रश्न आलाच असता. म्हणून पत्र लिहिले, दोघांनाही ७ तारीख नीट आठवत होती तोवरच.

‘ती. काकांस सा. न. वि. वि. दि. ७ जानेवारी रोजी आपणास रोख रुपये १९,००० (अक्षरी एकोणीस हजार) दिले. देताना सांगितल्याप्रमाणे ही रक्कम डिसेंबर व जानेवारी या दोन महिन्यांच्या भाड्याची आहे. आपण पाठवलेल्या पावतीच्या फोटोत रक्कम व महिने लिहायचे राहून गेले आहेत. सही असलेली कोरी पावती आपल्याही हिताची नाही, कारण तिच्यात नंतर कोणीही कोणताही आकडा भरू शकेल. कृपया दोन्ही लिहून मूळ पावती द्यावी. मोटरचा हिशेब यात धरलेला नाही. बिल मिळताच तो वेगळा देईन व त्याची वेगळी पावती घेईन.’

‘राहून गेले आहेत’ हे शब्द मी विचार करून निवडले होते. जागा का कोऱ्या राहिल्या याचा मला अंदाज होता. घरभाडे भत्त्यावरची करसवलत मागताना वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले, की ऑफिसात घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. आमचे वर्षाचे भाडे होते १,१४,०००. आकडा लिहिला की तो काकांच्याही उत्पन्नात दिसणार. पत्रात मी याचा उल्लेख केला नाही. काकांना कर भरायला लावणे हा पत्राचा विषय नव्हता, आणि तो काढला असता तर पावतीची मागणी धमकीसारखी वाचली गेली असती.

चौथ्या दिवशी जिन्यात काकांनी घडी घातलेला कागद हातात दिला. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही महिने नावानिशी. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : ‘मोटर दुरुस्ती रु. २,८०० येणे बाकी.’ सोबत दुकानदाराचे बिलही जोडले होते. ते मी त्याच आठवड्यात चुकते केले, आणि त्याची पावती मागावी लागली नाही.