समुद्राचं मीठ

मुळशीत मामीच्या फडताळात मिठाच्या दोन बरण्या असतात. एकीत पुडीतलं बारीक मीठ, पाहुण्यांसाठी. दुसरीत ताम्हिणी उतरून कोकणातून आणलेलं खडे मीठ, रोजच्या भाताआमटीसाठी. मामेबहिणीला दिवस गेले तेव्हा मी खडे मिठाचा विषय काढला. मामी म्हणाली, ‘‘अगं, समुद्राचंच आहे ना? मग आयोडीन असणारच.’’

हे इतकं सयुक्तिक वाटतं, की मी हिशेब मांडून बघितला. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन जेमतेम 50 ते 60 मायक्रोग्रॅम. मिठागरात मीठ धरताना त्यातलं बरंचसं उरलेल्या पाण्यातच राहतं. समजा सगळं मिठात उतरलं, तरी 10 ग्रॅम मिठात 15-20 मायक्रोग्रॅमच येणार. मोठ्या माणसाला रोज 150 लागतात, गरोदर बाईला 250. आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत किलोमागे निदान 15 मिलिग्रॅम उरावं असा नियम आहे. म्हणजे 10 ग्रॅममध्ये 150.

मुळशीत ही भरपाई दुसरीकडून होणं अवघड. प्रचंड पावसाच्या डोंगराळ मुलखात मातीतलं आयोडीन धुऊन जातं, मग तिथल्या भातात आणि नाचणीतही ते कमीच उतरतं. धरणातल्या गोड्या पाण्याच्या माशांतही फारसं नसतं. समुद्राची मासळी, दूध, अंडी यांतून मिळतं, पण ती रोज कुठे असतात? मीठ मात्र रोज, प्रत्येकाच्या ताटात, जवळपास ठरावीक प्रमाणात. म्हणूनच त्याची निवड झाली. 1956पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी ते गावोगाव वाटून पाहिलं. गलगंडाचं प्रमाण घटलं. 1962मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

आयोडीन कमी पडलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला सतत डिवचत राहते आणि तो वाढतो. गळा दिसतो, पोटातल्या बाळाच्या मेंदूचं नुकसान मात्र दिसत नाही.

मामीच्या दोन्ही बरण्यांवर मी तपासणी-संचातला थेंब टाकला. पुडीचं मीठ जांभळं झालं, खडे मीठ पांढरंच राहिलं. मामी बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘आजेसासूबाईंचा गळा असाच होता. त्यांनाही आता हेच देऊन चाललं असतं?’’

तिथे सावध राहायला हवं. वर्षानुवर्षांच्या गाठाळ गलगंडात काही गाठी स्वतःच्या मर्जीने हार्मोन बनवू लागतात. त्यांना एकाएकी भरपूर आयोडीन मिळालं की छाती धडधडते, हात कापतात, वजन उतरतं. नेहमीच्या मिठाने असं क्वचितच होतं. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांचा धोका जास्त. जास्त आयोडीनने काहींचा थायरॉइड मंदावतोही. म्हणून जुना गळा आधी डॉक्टरांना दाखवायचा, आणि गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

खडे मीठ आता लोणच्यापुरतं उरलंय. पुडीचं मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब असतं. दमट हवेने आणि उष्णतेने त्यातलं आयोडीन उडतं, हे मामीच आता सुनेला सांगते.